मामांच्या उसाने प्यायलेला कार्बन कुठे गेला?

वाळवा तालुक्यात माझ्या मामांचा ऊस आहे. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा ओट्यावर चहा घेता घेता त्यांनी थेट विषयाला हात घातला. गावात कुणीतरी येऊन गेला होता. कार्बनचे पैसे मिळतात, तुमचं पीक हवेतला कार्बन ओढतं, नाव नोंदवा, असं सांगून गेला होता.

"एकरी चाळीस टन काढतो मी. येवढा ऊस काय मातीतनं आला? हवेतला कार्बन पिऊनच वाढला न्हवं? मग त्येचं पैसं कुणी द्यायचं, सांग."

मी कनिष्ठ महाविद्यालयात पर्यावरण शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे. आणि प्रश्न चुकीचा नव्हता. ऊस खरोखरच हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन वाढतो. पण "घेतो" आणि "काढून टाकतो" यांत जो फरक आहे, त्यात मुलं दरवर्षी अडकतात आणि मोठी माणसंही. मी मामांना म्हटलं, वही आणा, मांडूया हिशेब. पण हा हिशेब करायचाच कशाला, हे आधी सांगावं लागलं.

थंडीत निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येतात. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या, निरभ्र रात्री पारा इतका खाली जातो की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून बसतात. त्याच हंगामात ढग आले की दुसऱ्या रात्री थंडी पळते. सूर्य दोन्ही रात्री नसतो. दिवसभर तापलेली जमीन दोन्ही रात्री उष्णता वर फेकत असते. फरक इतकाच की कोरड्या, निरभ्र रात्री त्या उष्णतेला वर अडवणारं कमी असतं. ढगाळ, दमट रात्री ढग आणि बाष्प ती शोषून घेतात आणि तिच्यातला काही भाग परत खाली पाठवतात.

हरितगृह परिणाम म्हणजे हेच, पण सगळ्या पृथ्वीवर आणि चोवीस तास. सूर्याचा प्रकाश हवेतून बऱ्यापैकी सरळ खाली येतो आणि जमीन तापवतो. तापलेली जमीन जी उष्णता परत सोडते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन, पण या दोघांना त्या किरणांशी काही देणंघेणं नाही, ते त्यांना जाऊ देतात. अडवतात ते बाष्प, कार्बन डायऑक्साईड, मिथेन, नायट्रस ऑक्साईड असे थोडे वायू. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साईडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलेलं पाहिलं. तीन वर्षांनी जॉन टिंडाल यांनी लंडनमध्ये उष्णतेचे किरण नेमके कोणते वायू शोषतात हे मोजून दाखवलं. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हा परिणाम मुळात वाईट नाही, त्याच्यावरच आपण जगतो. प्रश्न आहे तो वाढवण्याचा.

नावाबद्दल एक तक्रार नोंदवते. पॉलीहाऊसमध्ये जे गरम होतं ते मुख्यतः आतली तापलेली हवा वर उठून बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. पडदे वर केले की दहा मिनिटांत गारवा. वातावरणाला असा कागद लावलेला नाही, तिथे अडवणूक होते ती किरणांची. त्यामुळे "हरितगृह" हा शब्द कळायला सोपा आणि समजायला अडचणीचा. निफाडची रात्र त्यापेक्षा बरी.

मुलं इथे विचारतात की बाष्प तर कार्बन डायऑक्साईडपेक्षा जास्त उष्णता अडवतं, मग ओरड कार्बनचीच का? कारण जादा बाष्प आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं. हवेत ते किती राहणार हे हवेचं तापमान ठरवतं. कार्बन डायऑक्साईडचा पाऊस पडत नाही. त्याने हवा थोडी तापवली की तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं आणि ते आणखी तापवतं. लगाम कार्बनच्या हातात, बाष्प मागून ओढलं जाणारं.

आता हिशेब. मामांची विहीर समोरच होती, तीच धरली. हवा म्हणजे विहीर आणि तिच्यातलं पाणी म्हणजे हवेतला कार्बन. जे विहिरीत भर घालतं तो स्रोत, म्हणजे झरा. जे काढून नेतं तो शोषक, म्हणजे उपसा. इंग्रजी पुस्तकांत त्याला सिंक म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळलाय. आणि तिसरा एक शब्द, ज्याच्याकडे कुणी बघत नाही: साठा. शेततळ्यात पाणी भरलेलं आहे म्हणजे ते आत्ता विहीर उपसतंय असं नव्हे. भरलेलं असणं वेगळं, भरत असणं वेगळं.

जगाचे आकडे मोठे आहेत, म्हणून एक माप ठरवूया: हजार कोटी टन कार्बन म्हणजे एक माप. सगळ्या जगातली झाडं, पिकं, गवत मिळून वर्षाला साधारण १२ मापं हवेतून घेतात. झाडांचा स्वतःचा श्वास, कुजणारा पाला, मातीतले जिवाणू, जनावरं, वणवे मिळून जवळपास तेवढंच परत देतात. समुद्र सुमारे ८ मापं घेतो आणि जवळपास ८ देतो. आणि कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, सिमेंट मिळून आपण घालतो ते सुमारे १ माप. जंगलतोडीचं थोडं वेगळं, एका मापाच्या दहाव्या भागाएवढं.

इथेच मामांनी मला अडवलं. "निसर्ग वीस घालतो, आपण एक. मग बोंब आपल्या नावानं कशाला?"

विहिरीत वीस मोटा येतात आणि वीसच जातात, म्हणून पातळी हलत नाही. आता कुणी शेजारच्या बोअरचा पाईप आणून वर्षाला एक मोट जास्तीची सोडू लागला तर पातळी चढणार ती त्या एका मोटेमुळे. औद्योगिक काळाआधी काही हजार वर्षं हवेतलं कार्बन डायऑक्साईडचं प्रमाण दहा लाख भागांत २६० ते २८० भागांच्या, म्हणजे पीपीएमच्या दरम्यान राहिलं होतं. येणं आणि जाणं दोन्ही प्रचंड, पण बरोबरीत. आज ते ४२० च्या वर गेलंय. मापांत सांगायचं तर हवेत पूर्वी ६० मापं कार्बन होता, आता ९० च्या घरात आहे.

आणि खरं तर पातळी याहून जास्त चढायला हवी होती. आपण घालतो त्यातलं साधारण निम्मंच हवेत उरतं. उरलेलं निम्मं समुद्र आणि जमिनीवरची झाडं-माती वाटून घेतात. म्हणजे विहिरीत पाणी वाढलं तसा उपसाही थोडा वाढला. शास्त्रज्ञ जेव्हा समुद्राला किंवा जंगलांना शोषक म्हणतात तेव्हा बोलणं या जादा उपशाबद्दल असतं, घेतलेल्या १२ किंवा ८ मापांबद्दल नाही. शोषक ठरतो तो घेण्यातून देणं वजा केल्यावर जे उरतं त्यावर.

हे मोजतात कसं? चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर यंत्र बसवलं तेव्हा आकडा ३१५ च्या जरा खाली होता. वर्षभरात त्यांना एक लाट दिसली. मे महिन्यात प्रमाण सर्वात वर, मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पाच-सहा पीपीएमने खाली, मग परत वर. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, झाडं जास्त. तिकडे पालवी फुटली की प्रमाण उतरतं, पानगळ होऊन पाला कुजू लागला की चढतं. पृथ्वीचा श्वास आलेखावर दिसतो, आणि दरवर्षीचा श्वास आधीच्या वर्षापेक्षा थोडा वरच्या पायरीवर असतो.

आपल्याकडेही असं काम झालंय. गोव्यात काणकोण तालुक्यात काब द राम नावाचं समुद्रात घुसलेलं टोक आहे, जुना किल्ला आहे तिथे. १९९३ पासून तिथली हवा काचेच्या चंबूंत भरून ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासली जात होती. ती जागा निवडण्यात गंमत आहे. पावसाळ्यात तिथे वारा समुद्रावरून येतो, पार विषुववृत्ताच्या पलीकडून, जवळजवळ कोरी पाटी. हिवाळ्यात तोच वारा उलटा फिरतो आणि भारतीय उपखंडावरून, शेतं, चुली, गाड्या, वीज केंद्रं ओलांडून येतो. एका जागी बसून दोन वेगळ्या हवा मोजायला मिळतात.

पण चढलेला कार्बन कोळसा-तेलाचाच कशावरून? समुद्राने किंवा ज्वालामुखींनी सोडला नसेल कशावरून? याला दोन चांगले पुरावे आहेत. पहिला कार्बनच्या वयाचा. जिवंत झाडाच्या कार्बनमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी किंचित असतो आणि तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोळसा कोट्यवधी वर्षं जुना, त्यात तो शिल्लकच नाही. हान्स सूस यांनी १९५० च्या दशकात झाडांची वर्तुळं तपासली तेव्हा नव्या वर्तुळांत कार्बन-१४ पातळ झालेला दिसला. दुधात पाणी घातलं की जसं कळतं तसं हवेत जुना, मेलेला कार्बन मिसळल्याचं कळलं. दुसरा पुरावा ऑक्सिजनचा. हवेतला ऑक्सिजन मोजता येईल एवढा, अगदी थोडा, कमी होतोय. काही जळलं किंवा कुजलं की ऑक्सिजन खर्च होतो. समुद्रातून नुसता कार्बन डायऑक्साईड बाहेर आला असता तर ऑक्सिजनला हात लागला नसता. ज्वालामुखींचा वार्षिक वाटा तर आपल्या वाट्याच्या एका टक्क्यालाही पोचत नाही.

(जाता जाता: कार्बनचा कार्बन-१३ हा आणखी एक प्रकार आहे आणि उसातलं त्याचं प्रमाण बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळं असतं. मधात उसाच्या साखरेची भेसळ पकडतात ती यावरूनच. मामांना हा भाग सगळ्यात आवडला.)

आता एकराचा ऊस. चाळीस टन. त्यात सत्तर टक्के पाणी, ते बाजूला काढलं की कोरडा माल १२ टन. कोरड्या मालात ४५ टक्क्यांच्या आसपास कार्बन, म्हणजे ५.४ टन. कार्बनच्या एका अणूचं वजन १२ आणि कार्बन डायऑक्साईडच्या रेणूचं ४४, म्हणून ५.४ ला ४४ ने गुणून १२ ने भागायचं. येतं सुमारे २० टन. मामांच्या एका एकराने हवेतून २० टन कार्बन डायऑक्साईड घेतला, पाला वेगळाच. मामा वहीकडे बघून खुश.

मग आम्ही त्याचा माग काढला. तोड झाली, गाडी कारखान्यावर गेली. चाळीस टनांतून साखर निघाली चार टनांच्या थोडी वर, साधारण दोनशे माणसांची वर्षभराची. ती चहात, लाडवात, सरबतात गेली. खाणाऱ्याच्या अंगात साखर जळते आणि तिच्यातला कार्बन श्वासातून बाहेर पडतो. चिपाड निघालं ओलं बारा टन, कोरडं सहा. ते बॉयलरमध्ये गेलं, वाफ झाली, वीज झाली आणि कार्बन धुराड्यातून वर. मळी आसवनीत गेली. तिथे आंबवताना टाकीतूनच कार्बन डायऑक्साईड उकळून निघतो आणि उरलेला इथेनॉल बनून पेट्रोलबरोबर गाडीत जळतो. प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली गाळवट, शेतात परत आली, तिच्यातलाही बराचसा कार्बन जिवाणूंनी खाऊन सोडला. आणि पाचट? एकरी तीन-साडेतीन टन. खोडव्याच्या घाईत काडी लावली तर अर्ध्या तासात त्याचाही निकाल.

लावणीपासून धरलं तर दोन-अडीच वर्षांत त्या वीस टनांपैकी जवळपास सगळा परत हवेत. ऊस शोषक नाही आणि स्रोतही नाही. विहिरीतून बादली काढली आणि थोड्या वेळाने विहिरीतच ओतली.

एवढ्यावरही थांबता येत नाही, कारण उसासाठी बाहेरून जे येतं त्याचाही कार्बन मोजायला हवा. एकरी १०० किलो नत्र धरा, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास पाच गोण्या. युरिया बनतो तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून. शेतात टाकल्यावर त्या नत्राचा साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साईडच्या रूपात उडून जातो. माती, पाणी, ऊन यांवर हा आकडा बराच हलतो, पण हिशेबाला एक टक्का धरतात. एक किलो नत्राचा झाला दीड किलोच्या थोडा वर नायट्रस ऑक्साईड. आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट तापवतो. म्हणजे पाच गोण्यांतून नुसत्या उडालेल्या वायूचे सव्वाचारशे किलो. वर ट्रॅक्टरचं डिझेल, लिटरला सुमारे २.७ किलो. वर मोटारीची वीज. घेतलेले वीस टन परत गेले आणि हे खाली उरलं. पानभर हिशेब करून मामांचं शेत स्रोताच्या रकान्यात गेलं.

"म्हंजे मीच देणं लागतो म्हण की!" मामा.

चिपाडाबद्दल मात्र त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. चिपाडाच्या विजेमुळे तेवढा कोळसा जाळायचा वाचला असेल तर ती बचत खरी आहे. फक्त तिला शोषण म्हणायचं नाही, ते टाळलेलं उत्सर्जन. शेजाऱ्याने बोअरचा पाईप थोडा वेळ बंद ठेवला तर विहिरीतलं पाणी कमी होत नाही, चढणं मंदावतं. जो माणूस नोंदणीला आला होता त्याच्या कागदावर या दोन गोष्टी एकाच ओळीत होत्या. कुठल्याही कार्बनच्या सौद्यात मी पहिल्यांदा तेच बघते.

मामी आतून म्हणाली, मग चूल काय नि गॅस काय, दोन्हीतनं धूर तोच. वायू तोच, हे खरं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यात ८२ टक्के कार्बन, म्हणजे साडेअकरा किलोच्या वर. तो जळून संपेपर्यंत हवेत जातो सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साईड. चौदातून त्रेचाळीस, कारण जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. फरक आहे तो कार्बन कुठून आला यात. बांधावरच्या सुबाभळीच्या फांदीतला कार्बन चार-पाच वर्षांपूर्वी हवेतच होता आणि खुंट फुटला की परत तिथेच जाणार. सिलिंडरमधला जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गाडलेला होता, विहिरीच्या हिशेबातच नव्हता. पहिला विहिरीतलं पाणी विहिरीत, दुसरा बोअरचा पाईप. (चुलीच्या धुराने मामीच्या छातीचं जे झालं तो वेगळा हिशेब, आणि त्यात गॅस कितीतरी बरा.) झाड मुळासकट गेलं आणि परत लावलंच नाही, तर सरपणही स्रोतच.

हाच नियम समुद्रावर लावला की एक विचित्र गोष्ट दिसते. सगळे समुद्र मिळून शोषक आहेत. आपल्या जादा कार्बनचा साधारण चौथा हिस्सा ते घेतात आणि त्यापायी त्यांचं पाणी हळूहळू आम्लाकडे सरकतंय. पण आपल्या दारातला अरबी समुद्र कार्बन डायऑक्साईड बाहेर सोडतो. १९९० च्या दशकात गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या लोकांनी जहाजांवरून वेगवेगळ्या ऋतूंत हे मोजलं.

कारण मान्सूनमध्ये आहे. जूनपासून नैऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत इतके जोरात वाहतात की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला खालून थंड पाणी वर येतं. समुद्रात वर जे जगतं-मरतं ते बारीक कण होऊन खाली बसतं आणि खोल पाण्यात कुजतं, म्हणून खालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साईड खूप विरघळलेला असतो. ते पाणी वर आलं, उन्हाने तापलं, की तोंड उघडलेल्या सोड्यासारखा वायू सुटतो. त्याच पाण्यातल्या पोषणावर मासळीही पोसते.

मग अरबी समुद्र गुन्हेगार? नाही. हे तो माणसाने कोळसा खणायच्या कितीतरी आधीपासून करत आलाय. दुसरीकडे, उत्तर अटलांटिकसारख्या थंड समुद्रांत, पाणी तेवढाच कार्बन घेऊन खाली बुडत होतं. ही विहिरीची जुनी आवक-जावक. म्हणून "अमुक ठिकाण स्रोत आहे" या वाक्याने कुणावर बोट रोखता येत नाही. बघायचं ते दोनशे वर्षांत त्या आवक-जावकीत काय बदललं. आणि त्याच कारणाने एखादी जुनी देवराई आज फारसं शोषत नसेल, जेवढी वाढ तेवढीच पडझड, तरी ती तोडायला निघालेल्याला "ती कुठे शोषक आहे" हे उत्तर चालत नाही. शेकडो वर्षांचा साठा तिच्यात आहे आणि तो कुऱ्हाडीने काही दिवसांत स्रोत होतो.

काळाचं तर विचारूच नका. मामांच्या शेतातली काळी माती ज्या कातळापासून झाली, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साईडचे लोट आले. तोच कातळ आज उलटं काम करतो. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन किंचित आंबट होतं, कातळ विरघळवतं, आणि तो कार्बन बायकार्बोनेट होऊन कृष्णेतून समुद्राला जातो. काल स्रोत, आज शोषक. फक्त त्याचा वेग असा की आपण एका वर्षात जे जाळतो ते आवरायला त्याला फार फार काळ लागेल.

शेवटी मामांनी विचारलंच, "मग माझ्या रानात काहीच राहत न्हाई?"

राहतं, मातीत. मुळं, खोडकी, न जाळलेलं पाचट यांतला बराच कार्बन जिवाणू परत हवेत सोडतात, पण थोडासा मातीच्या बारीक कणांना चिकटून वर्षानुवर्षं राहतो. माती परीक्षणाच्या कागदावर "सेंद्रिय कर्ब" असा रकाना असतो तोच हा. मामांचा आकडा होता ०.४८ टक्के. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती म्हणजे जवळपास ८०० टन. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर ८०० किलो कार्बन थांबला, म्हणजे सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साईड. दरवर्षी नव्हे, ती वाढ होईपर्यंतच्या सगळ्या वर्षांचे मिळून तीन टन. आणि काही वर्षांनी येणं-जाणं बरोबरीत आलं की वाढ थांबते. पुढे कुणी नांगरून, पेटवून ती माती उघडी टाकली तर तेच तीन टन परत निघतात. म्हणून याचे पैसे देणाऱ्याने "किती वर्षं टिकवणार" असं विचारलं नाही, तर त्याच्या कागदावर सही करायची नाही, एवढं मी मामांना बजावलं.

या वर्षी त्यांनी पाचटाला काडी लावली नाही, सरीत पसरवलं. एप्रिलमध्ये माती परत तपासून आली. आकडा ०.५२. मामांनी फोनवर तो तीनदा वाचून दाखवला. मला सांगावं लागलं की एकाच शेतातल्या दोन कोपऱ्यांतल्या मातीत याहून जास्त फरक सापडतो, आणि आधीचा नमुना नेमका कुठून घेतला होता ते कुणाच्याच लक्षात नाही. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बांधापासून पावलं मोजून पाच ठिकाणी खुंट्या ठोकतो, पुढच्या खेपेला तिथलीच माती, तेवढ्याच खोलीची. खुंट्या ठोकल्यात आता. पुढचा नमुना खोडवा तुटल्यावर.